वहिनी, काहीतरी कमी करा की!

आमच्या भाभी सोलापुरात घरी शिलाई करतात. बाहेरच्या खोलीत एक मशीन, कोपऱ्यात इस्त्रीचं टेबल, भिंतीला पिशव्या अडकवायच्या खुंट्या. बोर्ड नाही, दुकान नाही, पण गल्लीतल्या आणि पलीकडच्या दोन वाड्यांतल्या बायका ब्लाउज शिवायला त्यांच्याकडेच येतात. दोन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी मी तिथे बसले होते. शेजारच्या वाड्यातल्या एक काकू तयार ब्लाउज न्यायला आल्या. अस्तराचा ब्लाउज, ठरलेले २५० रुपये. काकूंनी ब्लाउज उलटसुलट करून पाहिला, छान झालाय म्हणाल्या, पिशवीत ठेवला आणि दोनशेची नोट भाभींच्या हातावर ठेवली. "वहिनी, काहीतरी कमी करा की! नेहमीचीच आहे मी." भाभी हसल्या आणि म्हणाल्या, "राहू द्या."

काकू गेल्यावर भाभी मशीनवर बसल्या, पण पाय चालेना. पन्नास रुपयांचं दुःख होतंच. त्याहून जास्त हे होतं, की पुढच्या वेळी तोच ब्लाउज दोनशेचाच होणार हे त्यांना कळून चुकलं होतं.

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते, म्हणून शब्दांकडे आधी लक्ष जातं. भाभींच्या या हसण्याला उर्दूत 'मुरव्वत' म्हणतात. समोरच्याचं मन मोडवत नाही म्हणून आपलं नुकसान सोसणं, असा त्याचा साधारण अर्थ. उर्दूत हा गुण मानला जातो. मराठीत याच्या जवळचा शब्द 'भीड', आणि मराठीने त्याचा निकाल रोखठोक लावून टाकला आहे: भीड भिकेची बहीण. घरी बसून शिलाई, मेंदी, शिकवण्या, डबे अशी कामं करणाऱ्या बायकांच्या बाबतीत मी मराठीच्या बाजूने आहे. मी स्वतः बी.एड. झाल्यावर नोकरी लागेपर्यंत घरी शिकवण्या घ्यायचे. पालकांनी फी विचारली की म्हणायचे, "द्या काय द्यायचं ते, जो खुशी हो." एका घराने वर्षभर 'खुशी' म्हणून ईदला शीरखुर्म्याचा डबा दिला. डबा उत्तम होता. मुलगा पासही झाला.

आपल्याकडच्या फिक्हच्या पुस्तकांत मजुरीच्या कराराला 'इजारा' म्हणतात. त्यातली पहिलीच अट अशी, की काम काय आणि मजुरी किती हे दोन्ही आधी माहीत असलं पाहिजे. मजुरी मोघम ठेवली तर करारातच खोट राहते. म्हणजे 'जो खुशी हो' ही नम्रता नाही, अर्धवट करार आहे, आणि उरलेला अर्धा करार गिऱ्हाईक काम झाल्यावर आपल्या सोयीने पूर्ण करतं. काकूंनी तेच केलं होतं.

त्या रात्री मी भाभींना विचारलं, "हे २५० कुठून आले?" त्या म्हणाल्या, "पुढच्या गल्लीतली ३०० घेते, म्हणून मी २५०." दर असाच ठरतो. दुसरीचा आकडा घ्यायचा, त्यातून भीड वजा करायची. त्या दुसरीने तो कसा ठरवला होता कुणास ठाऊक. बहुधा तिसरीचा बघून.

मग आम्ही एक वही केली. पंधरा दिवस प्रत्येक ब्लाउजला हात लावला की घड्याळ बघून लिहायचं, हात काढला की पुन्हा लिहायचं. आधी भाभी म्हणत होत्या की अस्तराच्या ब्लाउजला दोन तास लागतात. वहीत निघाले तीन तास चाळीस मिनिटं. कारण त्या फक्त मशीनवरचा वेळ मोजत होत्या. माप घेणं, गळा कसा हवा ते बोलणं, मापाच्या ब्लाउजवरून खात्री करणं यात वीस मिनिटं. कटिंगला अर्धा तास. मशीनवर पावणेदोन तास. हुक लावणं आणि हाताची तुरपाई पस्तीस मिनिटं. इस्त्री, घालून बघणं, एखादी बाही उसवून पुन्हा घालणं यात अर्धा तास. सुती अस्तर आधी भिजवून वाळवावं लागतं, नाहीतर पहिल्या धुण्यात आकसतं आणि ब्लाउज दंडाला काचतो. तो वेळ तर आम्ही धरलाच नाही, कारण बादलीत अस्तर भिजत असताना भाभी स्वयंपाक करतात.

पैशांचं असं निघालं. अस्तर ५५ रुपये, दोरा, हुक आणि पायपिंग मिळून १५, वीज, इस्त्री आणि मशीनची देखभाल म्हणून १० रुपये. खर्च ८०. अडीचशेतून ऐंशी गेले की १७० उरतात. तीन तास चाळीस मिनिटांनी भागले तर तासाला सुमारे ४६ रुपये. आणि काकूंसारखं कुणी पन्नास कापून दिले, तर ते खर्चातून कापले जात नाहीत, अस्तरवाला काही कमी करत नाही. ते सगळे या १७० मधून जातात. म्हणजे गिऱ्हाइकाच्या दृष्टीने पाचवा हिस्सा सूट, भाभींच्या दृष्टीने जवळजवळ तिसरा हिस्सा मजुरी गायब.

तासाचा योग्य दर कोणता, हे पुस्तकात शोधायची गरज पडली नाही. भाभींना एका साडीच्या दुकानाचं फॉल लावायचं काम मिळायचं. फॉल दुकानदाराचा, एका साडीला ५० रुपये, वेळ चाळीस मिनिटं. तासाला ७५ पडतात. त्यात गिऱ्हाइकाशी बोलणं नाही, माप चुकण्याची भीती नाही, रुसवेफुगवे नाहीत. मग ज्या कामाला जास्त कसब लागतं, त्याला निदान तेवढे तरी मिळायला हवेत. तीन तास चाळीस मिनिटांचे ७५ च्या दराने २७५, अधिक खर्च ८०, एकूण ३५५.

भाभी लगेच म्हणाल्या, "साडेतीनशे करू, सांगायला बरं." मी म्हटलं, गिऱ्हाईक यायच्या आत तुम्ही स्वतःशीच घासाघीस केली. वर जाऊ द्या, ३६० करा. शिवाय साडेतीनशे म्हटलं की समोरून 'तीनशे' हा शब्द आपोआप येतो. ३६० ऐकलं की माणूस एक क्षण थांबतो, हा आकडा कुठूनतरी हिशोब करून आलाय असं त्याला वाटतं. आणि तो खरंच हिशोब करून आलेला होता. याच पद्धतीने बिनअस्तराचा साधा ब्लाउज १९०, आणि प्रिन्सेस कट, मागे डिझाइन व लटकन असलेला ४९० ठरला.

आता अडीचशेचे एकदम ३६० केल्यावर गिऱ्हाइकं जाणार नाहीत का? जाणार. प्रश्न किती गेली तर चालेल हा आहे, आणि याचं उत्तर भीतीने नाही, गुणाकाराने मिळतं. सोपं व्हावं म्हणून सगळे ब्लाउज अस्तराचेच धरू. महिन्याला ४० ब्लाउज, प्रत्येकी १७० उरले तर ६,८०० रुपये. नव्या दराने प्रत्येकी २८० उरतात. २५ ब्लाउज शिवले की ७,००० होतात. म्हणजे चाळीसपैकी पंधरा ब्लाउजांचं काम गेलं तरी घरात येणारे पैसे कमी होत नाहीत, उलट महिन्याचे पंचावन्न तास मोकळे होतात. भाभींनी हा हिशोब दोनदा स्वतः करून पाहिला. तिसऱ्यांदा त्यांनी माझ्या भावाकडून करून घेतला. मग विश्वास बसला.

दर कधी वाढवायचा, हेही आम्ही विचारपूर्वक ठरवलं. रमजानच्या किंवा दिवाळीच्या तोंडावर वाढवला तर 'अडवून घेतात' असा बोलबाला होतो, आणि तो खोटाही नसतो. म्हणून दिवाळी उरकल्यावर, एक महिना आधी सांगून. नेहमीच्या सात-आठ बायकांना भाभींनी स्वतः सांगितलं: एक तारखेपासून दर बदलतोय, त्याआधी कापड आणून दिलंत तर जुनाच दर. काही जणींनी साठवलेली कापडं आणून दिली. रुसण्याऐवजी त्यांना आपला फायदा झाल्यासारखं वाटलं. दर एका पुठ्ठ्यावर लिहिला, मराठीत आणि उर्दूत, आणि मशीनच्या वर टांगला. खाली लिहिलं: आठ दिवसांत एकदा दुरुस्ती मोफत. निम्मे पैसे आगाऊ.

त्या पुठ्ठ्याने काय केलं, ते मला आधी लक्षात आलं नव्हतं. तोंडाने सांगितलेला दर हा भाभींचा असतो, त्यामुळे तो कमी करा म्हणणं म्हणजे भाभींशी बोलणं. लिहिलेल्या दराकडे बोट दाखवता येतं. गिऱ्हाईकही आधी पुठ्ठा वाचतं, मग बोलतं. निम्म्या बायका वाचून बोलतच नाहीत.

उरलेल्या निम्म्या बोलतात. त्यांच्याशी कसं बोलायचं, याची तालीम आम्ही दोघींनी केली. मी गिऱ्हाईक झाले. शाळेत नाटुकली बसवायची सवय कामी आली.

सर्वात नेहमीचं वाक्य: "बाजारात २५० ला शिवून देतात." पूर्वी भाभी म्हणायच्या, "तिथे शिलाई बघा कशी असते." ही चूक. दुसऱ्याची निंदा सुरू केली की गिऱ्हाईक त्याची बाजू घेतं आणि वाद लांबतो. आता त्या म्हणतात, "हो, मिळतो तिथे." एवढंच. मग, "माझ्या दरात अस्तर भिजवून लावणं आणि आठ दिवसांत दुरुस्ती येते, आणि आत माया भरपूर सोडते, अंग भरलं तर पुढच्या वर्षी सैल करता येईल." आणि मग गप्प बसतात. हे गप्प बसणं सर्वात अवघड. सांगून झाल्यावर त्या शांततेत आपल्याच तोंडून "बरं, ३३० द्या" निसटतं. भाभींनी यावर उपाय काढला: दर सांगितला की त्या टेप घेऊन कापड मोजायला लागतात. हाताला काम असलं की जीभ आवरते.

दुसरं वाक्य: "दोन देते, कमी करा." यात थोडं खरं आहे. एकाच बाईचे, एकाच मापाचे दोन ब्लाउज एकदम आले तर दुसऱ्यासाठी माप आणि बोलणं यातली वीस मिनिटं वाचतात. तासाला ७५ ने त्याचे २५ रुपये होतात. म्हणून दुसऱ्या ब्लाउजला २० रुपये कमी, हे पुठ्ठ्यावरच लिहून टाकलं. ही सूट न मागणाऱ्या बाईलाही मिळते, आणि माझ्या मते सूट अशीच असावी. आईचा एक आणि मुलीचा एक असे दोन आले तर मात्र नाही, कारण मापं दोन आहेत.

तिसरं वाक्य वेगळं असतं, आणि ते ऐकू यायला कान हवा. "वहिनी, खरंच एवढे नाहीत हो." घासाघीस करणारी बाई आणि हात आखडलेली बाई, या दोघी एक नव्हेत. दुसरीला भाभी भाव कमी करत नाहीत, काम कमी करतात. अस्तर तुम्ही आणा, ५५ कमी होतील. अस्तराशिवाय चालणारं कापड असेल तर १९० चा शिवू. पायपिंग नको असेल तर तेवढे कमी. पैसे कमी झाले की त्याबरोबर काहीतरी कमी झालं पाहिजे, आणि ते तिने स्वतः निवडलं पाहिजे. मग तिलाही उपकार घेतल्यासारखं वाटत नाही.

इथे एका प्रचलित सल्ल्याशी माझं भांडण आहे. अनेक जण सांगतात, ४०० सांगायचे आणि ३६० ला यायचं, गिऱ्हाइकाला जिंकल्यासारखं वाटतं. भाजी मंडईत चालत असेल. गल्लीत नाही. गल्लीतल्या बायका नळावर, शाळेच्या फाटकाशी, लग्नाच्या मांडवात भेटतात आणि ब्लाउज किती पडला हे पहिल्या पाच मिनिटांत विचारतात. भाभींच्या बाबतीत हे एकदा घडलं होतं. एका वाड्यातल्या दोन जावांपैकी एकीने न बोलता २५० दिले, दुसरीने भांडून २२०. पुढच्या आठवड्यात दोघीही नाराज. पहिली म्हणाली, मला फसवलं. दुसरी म्हणाली, मग अजून कमी होत असणार. वाढवून सांगितलेला दर म्हणजे न बोलणाऱ्या बाईवर लावलेला दंड. आणि न बोलणारी बाई हेच आपलं सर्वात चांगलं गिऱ्हाईक असतं.

नातेवाइकांचं काय? यावर भाभींचं आणि माझं बरंच वाजलं. शेवटी नियम झाला: फुकट किंवा पूर्ण, मधलं काही नाही. सासूबाई आणि दोन्ही नणंदा (त्यात मीही आले) यांचं फुकट. बाकी खाला, फुफी, चुलत, मावस सगळ्यांना पुठ्ठ्यावरचा दर. अर्ध्या किमतीत शिवलं की घेणारीला वाटतं आपण पैसे दिले, शिवणारीला वाटतं आपण भेट दिली, आणि दोघींची मनं खट्टू होतात. फुकटचा ब्लाउजही वहीत ३६० म्हणून लिहायचा आणि पुढे 'भेट' लिहायचं. वर्षाअखेर कळतं किती भेटी दिल्या. मी माझ्या पुढचा आकडा पाहिला आणि यंदा गुपचूप दोन ब्लाउजांचे पैसे ठेवून आले.

सर्वात महाग घासाघीस मात्र सुरुवातीला होत नाही. ती काकूंनी केली तशी शेवटी होते, ब्लाउज हातात आल्यावर. शिवलेला ब्लाउज दुसऱ्या कुणाच्या अंगाला बसत नाही, तो परत ठेवून घेऊन भाभी काय करणार? गिऱ्हाइकाला हे माहीत असतं. यावर बोलण्याची कला उपयोगी नाही, पद्धत लागते. कापड घेतानाच एका चिठ्ठीवर नाव, तारीख, एकूण रक्कम, आगाऊ किती आणि बाकी किती लिहायचं. एक चिठ्ठी गिऱ्हाइकाला, दुसरी पिशवीला टाचणीने. ३६० पैकी १८० आगाऊ आले की अस्तर-दोऱ्याचे ८० तर वसूल होतातच, वर शंभर रुपये मजुरीही हातात पडते. देताना आधी चिठ्ठी बघायची, बाकी मोजून घ्यायची, मग पिशवी. क्रम उलटला की संपलं. कुणी बाकीतले पन्नास पुढच्या वेळी देते म्हणाली, तर भाभी म्हणतात, "काही हरकत नाही, मग नेताना द्या," आणि पिशवी पुन्हा खुंटीला. हे वाक्य त्यांना पहिल्यांदा म्हणायला तीन महिने लागले.

पहिल्या महिन्यात ४० चे २९ ब्लाउज झाले. भाभी घाबरल्या होत्या, पण २९ गुणिले २८० म्हणजे ८,१२० रुपये, पूर्वीपेक्षा तेराशे जास्त. तिसऱ्या महिन्यात ३४ झाले. गेलेल्यांपैकी दोघी परत आल्या, काही जणी कायमच्या गेल्या.

हा हिशोब सगळीकडे चालेल असं मात्र नाही. ज्यांच्याकडे महिन्याला दहाच ब्लाउज येतात, त्यांची अडचण घासाघीस नसून ओळख कमी असणं ही आहे. तिथे दर वाढवून उपयोग नाही, आणि उतरवूनही फारसा नाही. पावसाळ्यात, लग्नं नसतात तेव्हा, भाभींचीही मशीन रिकामी असते. त्या दिवसांत त्या दर उतरवत नाहीत, फॉलचं काम जास्त घेतात. उलट रमजानमध्ये पंधराव्या रोज्यानंतर कापड घेत नाहीत. दुप्पट देते म्हणणाऱ्या येतात, पण दुप्पट घेऊन चांदरातीला ब्लाउज झाला नाही तर पुठ्ठा उतरवावा लागेल असं त्या म्हणतात.

आणि त्या काकू? मध्ये सहा महिने आल्या नाहीत. मग मुलीच्या साखरपुड्याचे चार ब्लाउज घेऊन आल्या. पुठ्ठा वाचला आणि म्हणाल्या, "वहिनी, काहीतरी कमी करा की!" भाभींनी टेप उचलली आणि म्हणाल्या, "चारही एकाच मापाचे असतील तर मागच्या तिघांना वीस-वीस कमी, तिथे लिहिलंय." चारही मुलीचेच निघाले. १,३८० झाले, ६९० आगाऊ. काकूंनी पैसे दोनदा मोजून दिले आणि चिठ्ठी पर्समध्ये ठेवली. गेल्या आठवड्यात अस्तरवाल्याने मीटरमागे सात रुपये वाढवले आहेत. भाभींनी वही काढली आहे, दिवाळीनंतर नवा पुठ्ठा लिहायचाय. उर्दू अक्षर माझं चांगलं आहे म्हणून ते काम माझ्याकडे आलंय, फुकट.